पॅकिंग लिस्टवर १३,१७६ किलो आणि काट्यावर २६६ किलो कमी: न्हावा शेवाला कंटेनर अडकला आहे

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी ९.४०)

नमस्कार. सांगलीत आमचा हळद दळून पॅक करण्याचा व्यवसाय आहे. आजवर माल मुंबईच्या निर्यातदारांना देत होतो. या वेळी प्रथमच स्वतःच्या नावावर दुबईच्या एका ग्राहकाला जेबेल अलीपर्यंत सीआयएफ, म्हणजे भाडे व विमा धरलेल्या दराने वीस फुटी कंटेनर पाठवत आहोत. कमर्शियल इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मी स्वतः एक्सेलमध्ये तयार केली आणि तिच्यावरून आमच्या कस्टम ब्रोकरने शिपिंग बिल भरले.

मालाचा तपशील असा आहे. हळद पावडरीच्या २५ किलोच्या ४८० कागदी बॅगा, आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांचे १०० खोके, प्रत्येक खोक्यात २० पाकिटे. निव्वळ वजन १२,००० आणि १,००० मिळून १३,००० किलो. रिकामी बॅग २०० ग्रॅमची म्हणून भरलेली बॅग २५.२ किलो, आणि पाकिटांसह भरलेला खोका १०.८ किलो. त्यानुसार पॅकिंग लिस्टवर एकूण ढोबळ वजन १३,१७६ किलो लिहिले. कंटेनरच्या दारावर त्याचे स्वतःचे वजन २,२३० किलो आहे, म्हणजे भरलेला कंटेनर १५,४०६ किलो भरायला हवा होता. वजनकाट्यावर ट्रेलरचे वजन वजा जाता १५,१४० आले आणि तोच आकडा व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन, म्हणून शिपिंग लाइनला गेला.

माल आमच्याच कारखान्यात भरून ई-सील लावलेले होते. शनिवारी ब्रोकरचा फोन आला की शिपिंग बिलावरचे वजन आणि व्हीजीएम जुळत नसल्यामुळे कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर तळावर, नेऊन उघडण्याचा आदेश झाला आहे. काट्यात एवढा फरक पडत नाही का? कागदात नेमके काय चुकले असावे?

हिशेबनीस (सोमवार, सकाळी १०.१५)

२६६ किलो म्हणजे पावणेदोन टक्के. रस्त्यावरच्या काट्यांत थोडाफार फरक असतोच आणि शिपिंग लाइनसुद्धा त्यावर अडून बसत नाहीत. माझ्या मते पॅकिंग लिस्टवरचे ढोबळ वजन काट्याप्रमाणे १२,९१० किलो करून सुधारित प्रत द्यावी, म्हणजे विषय संपेल.

मावशी_ठाणे (सोमवार, सकाळी १०.३२)

मी दर दिवाळीला अमेरिकेत भाच्याकडे फराळ पाठवते. कुरिअरवाले इन्व्हॉइस मागतात, पण पॅकिंग लिस्ट कधी मागितली नव्हती. यंदापासून मलाही वजनाची अशी यादी करून द्यावी लागणार आहे का?

उरणकर (सोमवार, सकाळी ११.०५)

मावशी, आपला विषय वेगळा आहे. घरगुती भेटीच्या पार्सलसाठी आपले कुरिअरवाले सांगतात तेवढेच पुरते.

कृष्णाकाठ, मी तेवीस वर्षे निर्यातीच्या कागदपत्रांचेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. हिशेबनीस यांचे एक म्हणणे बरोबर आहे, लहानसहान फरकाला कोणी कंटेनर उघडत नाही. परंतु त्यांनी सुचवलेला उपाय केलात तर आपण स्वतःच आपल्या कागदावर अशक्य गोष्ट लिहून द्याल. १५,१४० मधून २,२३० गेले की १२,९१० उरतात, आणि आपल्या इन्व्हॉइसवर निव्वळ वजनच १३,००० किलो आहे. बॅगा, खोके आणि पाकिटांसहित असलेले ढोबळ वजन निव्वळ वजनापेक्षा कमी कसे असेल? अधिकाऱ्याला सर्वांत आधी हेच दिसले असणार. एकूण पंधरा टनांत पावणेदोन टक्के इकडेतिकडे होणे हा काट्याचा दोष असू शकतो, पण ढोबळ वजन निव्वळच्या खाली गेले की माल कमी आहे असेच समजतात.

आता मला तीन गोष्टी सांगा. खोके पॅलेटवर ठेवले होते का, आणि असल्यास पॅलेटचे वजन १३,१७६ मध्ये धरले आहे का? २०० ग्रॅम हे बॅगेचे वजन प्रत्यक्ष करून पाहिले की पुरवठादाराने सांगितले? आणि भरताना बॅगा कोणी मोजल्या, त्या वेळचे टॅलीशीट आपल्याकडे आहे का?

कृष्णाकाठ (सोमवार, दुपारी १२.२०)

खोके दोन लाकडी पॅलेटवर आहेत. धुरी दिल्याचा शिक्का त्यांच्यावर आहे. एकेक पॅलेट २० किलोचे आहे, पण ते वजन मी धरले नव्हते, कारण पॅलेट म्हणजे माल नव्हे असे मला वाटले. बॅग मी स्वतः दहा नग एकत्र काट्यावर ठेवून तोलली होती, दोन किलो भरले. टॅलीशीट मुकादमाकडे असेल, मी मागवतो. मी स्वतः त्या दिवशी बँकेत होतो.

उरणकर (सोमवार, दुपारी १२.५०)

मग टॅलीशीट येण्याआधीच एक अंदाज सांगतो, तो पडताळून पाहा. पॅलेटचे ४० किलो कंटेनरमध्ये आहेत, पण कागदावर नाहीत. म्हणजे खरी तूट २६६ नसून ३०६ किलोची आहे. ३०६ ला २५.२ ने भागले तर बारा आणि वर थोडेसे येते. बारा बॅगांचे वजन ३०२.४ किलो होते आणि उरलेले साडेतीन किलो काट्याच्या दहा-दहा किलोंच्या टप्प्यात सहज बसतात. आपल्या कंटेनरमध्ये ४८० नव्हे, ४६८ बॅगा असाव्यात.

असे वजन जुळत नाही तेव्हा मी नेहमी हाच मार्ग धरतो. फरकाला एका नगाच्या वजनाने भागून पाहावे. पूर्ण संख्येच्या जवळ उत्तर आले तर मोजणीत चूक आहे. प्रत्येक नगामागे सारखाच थोडा फरक निघाला तर रिकाम्या बॅगेचे वजन चुकले आहे. दोन्हींत बसत नसेल तर पॅलेट, आधाराच्या फळ्या किंवा दारावरचे कंटेनरचे वजन वाचण्यात काही सुटले का ते पाहावे.

कृष्णाकाठ (सोमवार, दुपारी ३.१०)

साहेब, आपला अंदाज तंतोतंत खरा निघाला. मुकादम म्हणाला की बारा बॅगांची तोंडाची शिलाई उसवलेली दिसली म्हणून त्याने त्या बाजूला काढल्या आणि टॅलीशीटवर ४६८ असे लिहिलेही. ते शीट ट्रेलरच्या पावत्यांबरोबर गोडाऊनच्या ड्रॉवरमध्येच राहिले. ऑफिसला कोणी कळवले नाही आणि मीही विचारले नाही, कारण इन्व्हॉइस आदल्या दिवशीच तयार होते. आता काय करावे?

उरणकर (सोमवार, दुपारी ४.००)

कंटेनर उघडण्याआधी आपणच लेखी कळवा. अजून एलईओ, म्हणजे माल जहाजावर चढवण्याचा कस्टम्सचा आदेश, झालेला नाही, हे आपल्या बाजूचे आहे. ब्रोकरकरवी कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिलात दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत सुधारित इन्व्हॉइस, सुधारित पॅकिंग लिस्ट, टॅलीशीटची प्रत आणि कारण सांगणारे पत्र लावा. पत्रात गोल गोल लिहू नका. भरताना शिलाई उसवलेल्या बारा बॅगा वगळल्या, त्या अमुक ठिकाणी ठेवलेल्या आहेत आणि ऑफिसला न कळवल्यामुळे जुनेच आकडे शिपिंग बिलात गेले, एवढे सरळ लिहावे. तपासणी होईलच, पण अधिकारी मोजायला लागतील तेव्हा हातातल्या कागदावर ४६८ असले पाहिजेत.

आकडे असे येतील. निव्वळ वजनात बॅगांचे ११,७०० आणि खोक्यांचे १,०००, एकूण १२,७००. ढोबळ वजनात बॅगा ११,७९३.६, खोके १,०८०, पॅलेट ४०, एकूण १२,९१३.६. त्यात कंटेनरचे २,२३० मिळवले की १५,१४३.६ होतात आणि आपला काटा १५,१४० दाखवतो. व्हीजीएम बदलण्याची गरज नाही, कारण तोच आकडा पहिल्यापासून खरा होता.

इन्व्हॉइसवर दर काय लावले आहेत आणि भाडे व विमा वेगळे दाखवले आहेत का?

कृष्णाकाठ (सोमवार, सायंकाळी ५.३०)

बॅगेतील पावडर किलोला १.६० डॉलर आणि पाकिटे २.१० डॉलर, दोन्ही सीआयएफ. एकूण २१,३०० डॉलर. भाडे ३५० आणि विमा ३० डॉलर आहे, पण इन्व्हॉइसवर वेगळे लिहिलेले नाही. वर्णनाच्या रकान्यात `INDIAN SPICES` असे एकाच ओळीत लिहिले होते, कारण ग्राहकाच्या ऑर्डरवर तसेच होते.

उरणकर (सोमवार, रात्री ८.४५)

मग इन्व्हॉइस सुधारतच आहात तर या दोन्ही गोष्टी आताच दुरुस्त करा.

शिपिंग बिलात एफओबी, म्हणजे भाडे व विमा वगळलेली किंमत काढावी लागते आणि ती काढण्यासाठी ब्रोकरला भाडे व विम्याचा आकडा लागतो. आपण तो दिला नसेल तर त्याने एक तर संपूर्ण २१,३०० हीच एफओबी धरली असेल किंवा स्वतःच्या अंदाजाने काही वजा केले असेल. बारा बॅगांचे ३०० किलो म्हणजे ४८० डॉलर कमी होऊन सीआयएफ २०,८२० राहते. त्यातून ३८० गेले की एफओबी २०,४४०. इन्व्हॉइसच्या तळाशी हे तीन आकडे एकाखाली एक लिहा. `CIF JEBEL ALI, INCOTERMS 2020` एवढे लिहिले तरी कोणत्या बंदरापर्यंतचा खर्च आपला, याबद्दल वाद राहत नाही.

वर्णनाबाबत माझे मत जरा कडक आहे. ‘मसाले’ हे वर्णनच नव्हे. पावडर आणि अखंड हळकुंड यांचे टॅरिफ क्रमांकसुद्धा वेगळे आहेत, पावडरीचा ०९१० ३० ३० आणि वाळवलेल्या हळकुंडाचा ०९१० ३० २०. तपासणारा बॅग उघडतो, पिवळी पावडर पाहतो आणि कागदावर ‘भारतीय मसाले’ वाचतो. मग तो नमुना घ्यायचा विचार करतो. `TURMERIC POWDER` लिहून पुढे बॅगेचा किंवा पाकिटाचा आकार द्या आणि दोन पॅकिंगच्या दोन स्वतंत्र ओळी करा. दोन्हींचे दर वेगळे असताना आपण ते एका ओळीत बसवले, तर सरासरी दर कुठून आला हे कोणालाच समजत नाही.

टॉवेल_सोलापूर (मंगळवार, सकाळी ९.२०)

आमच्याकडे वजनापेक्षा एककाचा घोळ जास्त होतो. टॉवेल आम्ही ग्राहकाला डझनाने विकतो, गोडाऊनमध्ये नगाने मोजतो आणि शिपिंग बिलात ब्रोकर किलो भरतो. मागच्या वर्षी इन्व्हॉइसवर ४०० डझन होते, ते शिपिंग बिलात ४०० नग म्हणून उतरले आणि एका टॉवेलची किंमत बारा पट दिसू लागली. साहजिकच किमतीवर हरकत निघाली आणि जहाज चुकले. तेव्हापासून मी पॅकिंग लिस्टवर प्रत्येक ओळीत डझन, नग आणि किलो असे तीन रकाने ठेवते. कृष्णाकाठ, आपणही पाकिटांच्या खोक्यांबाबत हे पाहून घ्या. १०० खोके, २,००० पाकिटे की १,००० किलो, शिपिंग बिलात नेमके काय गेले आहे?

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी १०.०५)

ताई, आत्ताच पाहिले. किलोच गेले आहेत, त्यामुळे ते बरोबर आहे. पण शिपिंग बिलात इन्व्हॉइस क्रमांक `EXP-07` दिसतो आणि आमच्या जीएसटी इन्व्हॉइसचा क्रमांक `GST/112` आहे. आम्ही आयजीएसटी भरून माल पाठवत आहोत. हे दोन क्रमांक वेगळे चालतात का?

हिशेबनीस (मंगळवार, सकाळी १०.४०)

इथे मात्र मी ठामपणे सांगतो, ते चालणार नाही. आयजीएसटीचा परतावा मागायला वेगळा अर्ज नसतो, शिपिंग बिल हाच अर्ज धरतात. आपण विक्रीच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये भरलेला इन्व्हॉइस क्रमांक आणि शिपिंग बिलातला क्रमांक संगणक अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. नाही जुळला की `SB005` ही त्रुटी येते आणि परतावा अडकतो. एलयूटीवर, म्हणजे हमीपत्र देऊन आयजीएसटी न भरता माल पाठवणाऱ्यांना याची काळजी नसते.

उरणकर (मंगळवार, सकाळी ११.३०)

शेवटचे वाक्य सोडून सगळे मान्य आहे. एलयूटीवर पाठवणाऱ्याला `SB005` येत नाही, कारण आयजीएसटी भरलेलाच नसतो. पण न वापरलेल्या इनपुट क्रेडिटचा परतावा मागताना त्यालाही शिपिंग बिलाचे तपशील द्यावे लागतात, आणि किमती दोन निघाल्या तर कमी असेल ती धरतात.

कृष्णाकाठ, व्यवसायासाठी एक आणि जीएसटीसाठी एक अशी दोन इन्व्हॉइस ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्या. एकच क्रमांक ठेवा, तोही सोळा अक्षरांच्या आत. दुरुस्तीच्या अर्जात हा क्रमांकही घालून घ्या.

हिशेबनीस (मंगळवार, दुपारी १२.१०)

पण मग बारा बॅगांचे काय करायचे? जीएसटी इन्व्हॉइस ४८० बॅगांचे निघाले आहे आणि त्यावर ई-वे बिलही झाले आहे. त्याच क्रमांकाने ‘सुधारित’ इन्व्हॉइस देणे मला पटत नाही. ४८० चे मूळ इन्व्हॉइस तसेच ठेवून कमी मालाची क्रेडिट नोट काढावी.

उरणकर (मंगळवार, दुपारी १२.४५)

क्रेडिट नोट काढलीत तर शिपिंग बिलात ४६८ आणि जीएसटीआर-१ मधल्या मूळ इन्व्हॉइसवर ४८० असे दोन आकडे कायमचे राहतात, आणि परताव्याच्या वेळी तो फरक समजावत बसावे लागते. या महिन्याचे जीएसटीआर-१ अजून भरायचे आहे. मी असतो तर त्याच क्रमांकाचे सुधारित इन्व्हॉइस ४६८ चे करून तेच विवरणात भरले असते. मात्र मी सीए नाही. आपल्या सीएंना हे दोन्ही पर्याय दाखवा.

निवृत्त_बँकवाला (मंगळवार, दुपारी २.३०)

आपला व्यवहार एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर नाही असे दिसते, तरी पुढच्या खेपेसाठी लिहून ठेवतो. एलसी असती तर उरणकर यांनी सुचवलेले वर्णन जसेच्या तसे वापरून चालले नसते. एलसीसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, म्हणजे यूसीपी ६०० च्या अठराव्या कलमानुसार इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन एलसीतील वर्णनाशी जुळले पाहिजे. एलसीत फक्त ‘भारतीय मसाले’ असते तर आधी ते शब्द लिहून मग पुढे हळद पावडरीचा तपशील जोडावा लागला असता. प्रमाणाबाबतही तसेच आहे. पाच टक्के कमी-जास्त चालते असे लोक सर्रास म्हणतात, पण एलसीत ‘४८० बॅगा’ अशी नगांची संख्या लिहिलेली असेल तर ती सूट मिळत नाही. आपल्या बारा बॅगा अडीच टक्केच आहेत, तरीही बँकेने कागदपत्रांत दोष काढला असता. म्हणून एलसी उघडताना ग्राहकाला प्रमाण किलोत लिहायला सांगावे.

टॉवेल_सोलापूर (मंगळवार, दुपारी ३.१५)

पॅलेटच्या बाबतीत मात्र मला शंका आहे. आम्ही खोके पॅलेटवर ठेवतो तेव्हा नगसंख्येत पॅलेट लिहायचे की खोके? आमचा एक ब्रोकर पॅलेट लिहितो आणि दुसरा खोके.

उरणकर (मंगळवार, दुपारी ४.२०)

यावर माझ्याच ऑफिसमध्ये दोन मते आहेत. मी ‘४६८ बॅगा आणि २ पॅलेटवर १०० खोके, एकूण ५६८ नग’ असे लिहितो, कारण अधिकारी खोके मोजतात आणि पॅलेट फुटले तरी हिशेब लागतो. माझ्या सहकारीणबाई पॅलेट हाच नग धरतात, कारण बंदरावर उचलले जाते ते पॅलेट, आणि काही शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंगवर तसेच मागतात. कोणतेही एक धरा. पण पॅकिंग लिस्टवर ५६८ आणि बिल ऑफ लेडिंगवर ४७० असे झाले तर जेबेल अलीला ग्राहकाचा एजंट आपल्याला फोन करणार.

कृष्णाकाठ (शुक्रवार, सायंकाळी ६.५०)

सर्वांचे मनापासून आभार. कंटेनर आज सुटला. मंगळवारी संध्याकाळी दुरुस्तीचा अर्ज गेला, बुधवारी अधिकाऱ्यांसमोर कंटेनर उघडला. दारातल्या दोन रांगा उतरवून बॅगा मोजल्या, मग मागच्या रांगांचा टॅलीशीटवरून हिशेब करून ४६८ मान्य केले. पाच बॅगा वेगळ्या काढून तोलल्या, त्या २५.१५ ते २५.२५ किलोच्या दरम्यान भरल्या. गुरुवारी दुरुस्ती मंजूर झाली, नव्या सीलचा क्रमांक कागदावर आला आणि आज एलईओ मिळाला. दंड लावला नाही, परंतु सीएफएसचे भाडे, उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि ठरलेले जहाज गेले. ग्राहकाला त्याच दिवशी नवे आकडे कळवले होते, त्यामुळे त्याने समजून घेतले. उत्पत्ती प्रमाणपत्राचा अर्ज सुदैवाने अजून केलेला नव्हता, तो नव्या इन्व्हॉइसवरूनच भरला.

आता आम्ही क्रमच उलटा केला आहे. आधी मुकादम टॅलीशीटचा फोटो पाठवेल, त्यावरून पॅकिंग लिस्ट होईल, तिच्यातली संख्या इन्व्हॉइसवर जाईल आणि मगच ब्रोकरला कागद जातील. ब्रोकर शिपिंग बिल भरण्याआधी जी चेकलिस्ट पाठवतो, ती मी गेल्या वेळी न वाचताच ‘ठीक आहे’ म्हणून कळवली होती. त्यातच ४८०, `EXP-07` आणि २१,३०० एफओबी हे तीनही आकडे होते. यापुढे ती टॅलीशीट शेजारी ठेवूनच वाचणार आहे.

एक प्रश्न राहिला. माल आमच्याच कारखान्यात भरतो, तर इन्व्हॉइसवर भरण्याच्या आधीची तारीख राहू द्यावी की नाही? ई-वे बिलाला तर इन्व्हॉइस आधी लागते.

हिशेबनीस (शुक्रवार, रात्री ८.१०)

सीएंनी क्रेडिट नोटबद्दल काय सांगितले?

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री ८.२५)

ते सोमवारी सांगणार आहेत. तोवर जीएसटीआर-१ भरायचे थांबवले आहे.

उरणकर (शुक्रवार, रात्री ९.००)

तारखेबाबत सांगतो. भरणे संपून टॅली सही झाली की ट्रेलर फाटकातून निघण्याआधी इन्व्हॉइस काढा आणि त्यावरून लगेच ई-वे बिल करा. दोन्ही एकाच दिवशी होतात, फक्त ऑफिसमध्ये त्या वेळी कोणीतरी बसलेले पाहिजे. आमच्या काही ग्राहकांनी भरण्याचे काम सकाळी सातला सुरू करण्याचे कारण हेच आहे. चारच्या आत टॅली हातात आली तर कागद त्याच दिवशी निघतात आणि ट्रेलर रात्रीत पुणे ओलांडतो.